आर्थिक पाहणीचं एक प्रकरण एका पानात: काही महिने वापरल्यावर

'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' दरवर्षी, बहुतेक वेळा मार्चमध्ये, अर्थसंकल्पाच्या तोंडावर येते. तिचं एक प्रकरण ए-फोरच्या एका पानात बसवायची पद्धत रत्नागिरीतल्या आमच्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत काही महिने वापरात आहे. सगळ्यात जास्त कस लागला तो शेती व संलग्न क्षेत्रांच्या प्रकरणात, म्हणून त्याबद्दलच लिहितो.

पद्धतीचा गाभा एवढाच, की आकडा एकटा लिहायचा नाही. शेजारी तीन गोष्टी हव्यात: वर्ष, अंदाजाचा प्रकार आणि किंमत चालू की स्थिर. 2024-25 च्या पाहणीत शेती व संलग्न क्षेत्राची वाढ 8.7 टक्के अपेक्षित होती. पानावर ती अशी उतरते: '2024-25, पूर्वानुमान, स्थिर (2011-12) किंमती, 8.7'. त्याखाली कारणाची एक ओळ: 2023 मध्ये पाऊस कमी पडला, 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, म्हणजे आधीचा पायाच खाली होता. ही ओळ नसेल तर मुलं 'शेतीत विक्रमी भरभराट' असं लिहून मोकळी होतात, आणि विधानांच्या प्रश्नात नेमकी तिथेच फसतात.

दुसरी चूक जुन्या पुस्तकामुळे होते. 2023-24 च्या पाहणीत त्या वर्षाची शेतीची वाढ 1.9 टक्के दिली होती, पण तेही पूर्वानुमानच. पुढच्या पाहणीत मागच्या वर्षाचे आकडे सुधारून येतात. तुलना करायची तर दोन्ही वर्षांचे आकडे नव्या पाहणीतूनच घ्यावेत. तक्त्याखालची बारीक टीप आणि वर्षाशेजारच्या खुणा आधी वाचल्या, की कुठला आकडा पक्का आणि कुठला बदलणारा हे लगेच कळतं.

आपल्याकडच्या मुलांचा गोंधळ मासळीत जास्त होतो. या क्षेत्राचे चार भाग आहेत: पिकं, पशुधन, वनं आणि मत्स्यव्यवसाय. हापूस फळबाग म्हणून 'पिकां'त मोडतो, सुरमई-बांगडा मत्स्यव्यवसायात. मत्स्योत्पादन टनांत असतं, सागरी आणि गोड्या पाण्यातलं वेगळं. मूल्यवृद्धी रुपयांत. टन घटूनही चालू किंमतींत रुपये वाढू शकतात, कारण भाव चढतो. म्हणून टन आणि रुपये एका रकान्यात लिहू नयेत. हा एक नियम पाळला तरी पानाचा निम्मा गोंधळ जातो.

योजनांसाठी मात्र ही पद्धत कमी पडते. लाभार्थी आणि खर्चाचे आकडे बहुतेक डिसेंबरपर्यंतचे असतात, परीक्षेपर्यंत शिळे होतात. त्यामुळे योजनेचं नाव, सुरू झाल्याचं वर्ष आणि पात्रता एवढंच पानावर ठेवावं. आणखी एक, पान बॉलपेननं लिहा. जुलैच्या दमट हवेत कागद ओलसर होतो, जेलची शाई पसरते आणि 3 चा 8 दिसायला लागतो.