ट्रिसच्या डब्याने दोन आठवडे खाल्ले

प्रोटीन वेगळी करायच्या जेलमधले बँड पसरले की लॅबमध्ये पहिला संशय घेतला जातो तो ज्युनियरवर. आमच्याकडेही तेच झालं. खरी फसवणूक मात्र डब्यात होती.

नेहमीचा माल यायला उशीर होता, म्हणून एका ओळखीच्या डीलरकडून मी स्वस्तात ट्रिस बेस घेतलं. पांढरा डबा, वर चिकटवलेलं लेबल, कच्चं बिल. त्याच दिवशी रनिंग बफर केला: लिटरला ३ ग्रॅम ट्रिस, १४.४ ग्रॅम ग्लायसीन, १ ग्रॅम एसडीएस. या बफरचा पीएच कोणी लावत नाही, वजनं बरोबर असली की तो आपोआप ८.३ च्या आसपास येतो. आम्हीही मोजला नाही आणि तिथेच अडकलो.

जेल लावला तर वरच्या स्टॅकिंग जेलमधून उतरताना निळा डाय बारीक रेषेत गोळा व्हायचा, तो जाडच राहिला. रंगवल्यावर बँडच्या जागी नुसते फराटे. "ताई, मी सँपल पाच मिनिटं नीट उकळलं होतं," ज्युनियर म्हणाली. तरी मी तिला प्रोटीन कमी घे, मीठ काढून टाक, एपीएस ताजं कर, असं सगळं करायला लावलं. आठवडा गेला.

खरं तर उत्तर पहिल्याच जेलमध्ये होतं. माहीत असलेल्या प्रोटीनच्या मार्करची लेनसुद्धा फाटली होती. मार्कर विकत आणलेला, तयार. तो बिघडला तर सँपलचा काय दोष? मग एकाच वेळी ओतलेले दोन जेल घेतले. एक आमच्या बफरमध्ये चालवला, दुसरा शेजारच्या लॅबमधून मागून आणलेल्या बफरमध्ये. दुसऱ्यात बँड सरळ, धारदार. म्हणजे जेल ओतण्यातही चूक नव्हती. आमच्या टाकीत आणखी एक गोष्ट दिसली: व्होल्टेज स्थिर ठेवलं की रन पुढे सरकेल तसा करंट उतरतो, इथे तो उतरेचना.

शेवटी डब्यातलं चमचाभर पाण्यात टाकून पीएच मोजला. ट्रिस बेस असता तर १० च्या वर आला असता. आला पाचच्या खाली. डब्यात ट्रिस हायड्रोक्लोराइड होतं! स्टॅकिंग होतं ते जेलमधलं क्लोराइड पुढे आणि बफरमधलं ग्लायसीन मागे राहतं म्हणून; प्रोटीन त्या दोघांच्या मध्ये दाबलं जातं. आमच्या बफरमध्येच क्लोराइड, आणि इतक्या कमी पीएचला ग्लायसीनवर जवळजवळ भारच नाही. दाबणार कोण?

डीलरला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, ट्रिस ते ट्रिसच." सर्टिफिकेट मागितलं, ते आलं, पण त्यावरचा लॉट नंबर डब्यावरच्या नंबराशी जुळेना. नंतर फोन उचलणंच बंद. कच्च्या बिलावर तक्रार तरी काय करणार?

जेल ओतणाऱ्यांनी एवढंच करावं: नवा डबा फोडला की रनिंग बफरचा पीएच बघावा, लावू नये, फक्त बघावा. ज्युनियरला मी सॉरी म्हटलं. तिने डब्यावर लाल मार्करने काय लिहिलंय ते इथे टाकता येणार नाही.