गोठलेल्या लसीचे ४,००० रुपये आणि ‘तुम्हीच उन्हात खराब केली’ हे उत्तर

माझ्या वडिलांना मधुमेह आणि जुनाट दमा असल्यामुळे आमच्या वणीच्या डॉक्टरांनी त्यांना न्यूमोकोकल कॉन्ज्युगेट लस, म्हणजे ज्याला आपण न्यूमोनियाची लस म्हणतो ती, घ्यायला सांगितली. त्या आठवड्यात ती वणीत मिळाली नाही, म्हणून मे महिन्याच्या ऐन उन्हात मी ती नागपूरच्या एका मोठ्या औषध दुकानातून आणली. लसीचे ३,८५० रुपये आणि ‘कोल्ड चेन पॅकिंग’चे वेगळे १५० रुपये, असे ४,००० रुपये मी रोख मोजले. डॉक्टरांनी ती लस टोचायला साफ नकार दिला. दुकानदार मात्र आजही सांगत सुटला आहे की एसटीच्या प्रवासात मीच ती उन्हाने खराब केली. हे धादांत खोटे आहे, कारण ती लस तापलेली नव्हती, गोठलेली होती, आणि नागपूर-वणी रस्त्यावर मे महिन्यात ऊन कोणतीही वस्तू गोठवत नाही.

पॅकिंग माझ्या डोळ्यांसमोर झाले. दुकानातल्या मुलाने डीप फ्रीझरमधून दगडासारखा कडक झालेला जेल पॅक काढला, थर्मोकोलच्या डब्यात तळाशी टाकला, लसीची पेटी थेट त्यावर ठेवली आणि चिकटपट्टी लावली. मध्ये कापड नाही, पुठ्ठा नाही, साधा वर्तमानपत्राचा कागदही नाही. “ताई, घरी पोचेपर्यंत एकदम गार राहील, काळजीच करू नका,” असे मालक स्वतः म्हणाले. ज्या कामाचे १५० रुपये घेतले, त्याच कामाने ३,८५० रुपयांची लस मारली.

लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असते हे बहुतेकांना माहीत असते. पण आपण सगळे फक्त वरच्या ८ अंशांची धास्ती घेतो आणि खालच्या मर्यादेकडे बघतच नाही. डीप फ्रीझरमधून नुकताच काढलेला पॅक शून्याच्या १५-२० अंश खाली असतो, आणि त्याला चिकटून ठेवलेली बारीक सिरिंज गोठायला फार वेळ लागत नाही. सरकारी लसीकरणातल्या परिचारिका बर्फाचे पॅक आधी बाहेर काढून ठेवतात आणि हलवल्यावर आत पाणी खळखळल्याचे ऐकू आले की मगच ते लसीच्या डब्यात घालतात. बर्फ आणि पाणी एकत्र असले म्हणजे पॅक शून्य अंशावर आलेला असतो. त्यानंतरही पॅक आणि लस यांच्यामध्ये पुठ्ठा किंवा कापड हवेच. एवढी साधी गोष्ट ज्या दुकानाला माहीत नाही, त्याने पॅकिंगचे पैसे घेऊ नयेत.

आता त्या क्षणाविषयी लिहिते, कारण तो आठवला की आजही संताप होतो. वरोऱ्याला गाडी थांबली तेव्हा मी डबा उघडून पाहिला. लसीची पेटी जेल पॅकला घट्ट चिकटली होती, पुठ्ठ्यावर पांढरे दव गोठले होते, आणि पेटी उचलायला गेले तर खालचा पुठ्ठा सोलून पॅकवरच राहिला. ते पाहून मला हायसे वाटले आणि मी डबा पुन्हा बंद केला. बाहेर आग ओकणारे ऊन असताना आतली वस्तू इतकी गार आहे हे पाहून दुसरे काय वाटणार होते? पेटीवर ‘गोठवू नये’ असे इंग्रजीत बारीक अक्षरांत छापलेले असते, पण दुकानात कोणी ते बोट ठेवून दाखवत नाही, आणि औषधविक्रीचा परवाना माझ्याकडे नाही, दुकानदाराकडे आहे. तुमच्या डब्यात पेटी पॅकला अशी चिकटलेली दिसली, तर लस त्याच वेळी गेली असे समजा आणि पेटीचा तिथेच फोटो काढा. मी तो काढलेला नव्हता, म्हणून नंतर माझा शब्द आणि दुकानदाराचा शब्द एवढेच उरले.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “पॅकला चिकटली होती का?” मी हो म्हटल्यावर त्यांनी डब्यात थर्मामीटर ठेवला, तर चार तासांच्या प्रवासानंतरही पारा शून्याच्या खाली उतरला. मग त्यांनी सिरिंज उजेडात धरून मला दाखवली. ही लस स्थिर ठेवली तर तळाशी पांढरा साका बसतो, त्यात काही वावगे नाही, पण हलवल्यावर ती सगळीकडे सारखी दुधाळ दिसली पाहिजे. आमच्या सिरिंजमध्ये कितीही हलवले तरी बारीक कण तरंगत राहिले आणि बघता बघता खाली बसले, वर पाणी निवळ झाले. या लसीतला औषधी भाग ॲल्युमिनियमच्या क्षारावर धरून ठेवलेला असतो, आणि गोठल्यावर त्या क्षाराचे कण एकमेकांना चिकटून गोळा होतात. नंतर लस वितळली तरी ते पुन्हा पहिल्यासारखे होत नाहीत. डॉक्टरांनी हेही बजावले की कण दिसले नाहीत म्हणून गोठलेली लस चांगली ठरत नाही. गोठल्याचे कळले की ती टाकायचीच. पैसे वाचावेत म्हणून कोणी ‘वितळवून टोचून टाका’ म्हणाले तर अजिबात ऐकू नका, कारण माणूस लस घेतली या समजुतीत राहतो आणि संरक्षण मिळालेलेच नसते.

उलट उन्हाचे म्हणाल, तर या जातीच्या लसी काही तासांच्या गरमीने लगेच निकामी होत नाहीत, गोठण्याने होतात. हे सगळ्या लसींना लागू नाही. गोवर किंवा कांजिण्यांच्या जिवंत लसी उष्णतेला फार हळव्या असतात, तेव्हा त्यांचा निर्णय डॉक्टरांनीच करावा.

दुकानदाराने फोनवर मला पाच वाक्येही पूर्ण बोलू दिली नाहीत. “माल दुकानातून बाहेर गेला की आमची जबाबदारी संपली,” म्हणे. मग पॅकिंगचे १५० रुपये कसले घेतले होते? बिलावर बॅच नंबर नव्हता, फक्त ‘लस’ आणि रक्कम. लस घेताना बॅच नंबर आणि मुदतीची तारीख बिलावर लिहून घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

तक्रार घेऊन संबंधित सरकारी कार्यालयात गेले तर तिथल्या साहेबांनी विचारले, “व्हीव्हीएमचा रंग बदलला आहे का?” सरकारी लसीच्या कुपीवर ती गोल खूण असते, तिच्यातला चौकोन भोवतीच्या वर्तुळाइतका गडद झाला की लस वापरायची नसते. माझ्या सिरिंजवर ती खूणच नव्हती. आणि असती तरी ती फक्त साठलेली उष्णता दाखवते, गोठणे दाखवतच नाही! ज्यांनी दुकानांचे फ्रिज तपासायचे, त्यांना मी हे समजावून सांगायचे? पुढे बॅच नंबर बिलावर नाही म्हणून अर्ज अपूर्ण ठरला, पेटीवरचा नंबर दाखवला तर ‘ही पेटी याच दुकानातली कशावरून’ असे विचारले, आणि शेवटी उत्तर आले की दुकानाची पाहणी केली असता फ्रिजचे तापमान योग्य आढळले. फ्रिजविषयी माझी तक्रारच नव्हती. माझी तक्रार डीप फ्रीझरमधल्या पॅकविषयी होती, आणि त्या पॅकिंगचा त्या उत्तरात एका अक्षराने उल्लेख नाही.

दुसरी लस डॉक्टरांनी स्वतःच्या वितरकाकडून मागवली आणि वडिलांना टोचली. तिचे ३,८०० रुपये पडले. म्हणजे एका लसीसाठी ७,८०० रुपये गेले, आणि त्यातले ४,००० परत मिळावेत म्हणून आता ग्राहक आयोगाकडे अर्ज करते आहे. सोलून निघालेल्या पुठ्ठ्याची पेटी, सिरिंज आणि डॉक्टरांनी नकाराची कारणे लिहून दिलेली चिठ्ठी त्या अर्जाला जोडणार आहे.