आधी रिव्हर्ब, मग डिस्टॉर्शन : शूगेझचा उलटा क्रम काही महिने वापरल्यावर

पेडल लावायचा रूढ क्रम सगळ्यांना पाठ असतो: गिटार, डिस्टॉर्शन, डिले, रिव्हर्ब, अ‍ॅम्प. या क्रमाने पेडल कितीही वाढवले तरी माय ब्लडी व्हॅलेंटाइन या शूगेझ बँडच्या केव्हिन शील्ड्सचा तो वितळलेला आवाज येत नाही. मिळतं ते मोठ्या हॉलमध्ये वाजणारं रॉक गिटार. १९९१ साली आलेल्या त्यांच्या 'लव्हलेस' या अल्बममध्ये डझनभर गिटारी एकावर एक रचल्या असतील असा समज अजूनही आहे. शील्ड्सने मुलाखतींत तो वेळोवेळी खोडून काढला आहे. बऱ्याच ठिकाणी गिटारीचे थर थोडेच आहेत. काम केलंय ते ट्रेमोलो आर्मने, म्हणजे तारांचा ताण बदलून सूर वर-खाली करणाऱ्या दांड्याने, आणि रिव्हर्स रिव्हर्बने. त्यासाठी तो यामाहाचं एसपीएक्स ९० हे रॅकमधलं यंत्र वापरायचा, आणि मूळ कोरडा आवाज जवळपास काढून टाकून फक्त रिव्हर्बचा आवाज पुढे पाठवायचा.

हा अनुभव त्याच कल्पनेच्या स्वस्त, जमिनीवरच्या आवृत्तीचा आहे. जॅझमास्टर धाटणीची गिटार, रिव्हर्स मोड असलेला डिजिटल रिव्हर्ब, सात पट्ट्यांचा ग्राफिक ईक्यू, रॅट धाटणीचं डिस्टॉर्शन आणि क्लीनवर ठेवलेला अ‍ॅम्प. डिले शेवटी, हवा तेव्हाच.

सगळी गंमत रिव्हर्ब डिस्टॉर्शनच्या आधी आल्यामुळे होते. डिस्टॉर्शन म्हणजे ठरावीक पातळीच्या वर जाणारं सगळं छाटून सपाट करणं. आता साधा हॉल रिव्हर्ब दोन सेकंदांचा ठेवला तर त्याचा आवाज सेकंदाला ३० डेसिबलने उतरतो. डिस्टॉर्शनमध्ये येणारा आवाज छाटणीच्या पातळीपेक्षा ३० डेसिबल वर असेल, तर पहिला पूर्ण सेकंद रिव्हर्बचं रेंगाळणारं शेपूट खाली येतच नाही. मूळ कॉर्डइतक्याच जोरात वाजत राहतं. म्हणून दोन सेकंदांचा रिव्हर्ब इथे कानाला कितीतरी लांब वाटतो. नव्वदच्या टेम्पोला चार ठोक्यांचा बार २.६७ सेकंदांचा होतो. दर बारला कॉर्ड बदलत असेल तर डिके दीड सेकंदाच्या आसपास ठेवावा, नाहीतर मागची कॉर्ड पुढचीच्या मानगुटीवर बसते.

रिव्हर्स मोडचं गणित वेगळं. तिथे आवाज हळूहळू फुगतो आणि एकदम कापला जातो. मिक्स पूर्ण वेटवर नेला, म्हणजे कोरडा आवाज काढून फक्त रिव्हर्ब ठेवला, की पिकचा 'टक्' नाहीसा होतो, आणि स्वप्नातल्यासारखा जो भास होतो तो मुख्यतः या 'टक्' नसण्यातूनच येतो. पण डिस्टॉर्शनचा गेन जास्त झाला तर फुगवट्याचा सुरुवातीचा हळू भागसुद्धा छाटणीच्या वर जातो आणि फुगणंच ऐकू येत नाही, नुसता सपाट ठोकळा उरतो. हे ओळखायला एकच कॉर्ड वाजवून हात उचलावा. आवाज चढताना ऐकू आला तर ठीक. आल्याआल्या पूर्ण जोरात असेल तर गेन कमी करावा. आमच्या रचनेत गेनचा नॉब घड्याळाच्या दहाच्या पुढे नेण्यात फायदा दिसला नाही. बाहेरचा जोर अ‍ॅम्पवर वाढवावा, डिस्टॉर्शनवर नाही.

सर्वात जास्त अडचण कॉर्डच्या निवडीत येते. रिव्हर्बमधून आलेले अनेक सूर एकत्र छाटले गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे सूर तयार होतात. ११० हर्ट्झचा ए आणि १६५ चा ई एकत्र वाजवला तर फरक ५५, म्हणजे एक सप्तक खालचा ए. कानाला गोडच. पण २२० चा ए आणि २७७ चा सी शार्प घेतला की फरक ५७ येतो. तो ५५ च्या ए पेक्षा अर्ध्या सेमीटोनहून थोडा जास्त चढा, म्हणजे धड ए नाही आणि बी फ्लॅटही नाही. खाली गुरगुरणारा चिखल होतो तो यामुळे. पूर्ण मेजर कॉर्ड धरून 'पेडल खराब आहे' म्हणणाऱ्यांनी आधी तिसरा सूर काढून पाहावा. पाचवे सूर, सप्तकं आणि मोकळ्या सोडलेल्या वरच्या तारा एवढ्यावर भिंत उभी राहते. ईक्यू रिव्हर्ब आणि डिस्टॉर्शन यांच्या मध्ये ठेवून १०० हर्ट्झची पट्टी बरीच खाली आणि २०० ची थोडी खाली ओढली की उरलेला गाळ जातो. हाच ईक्यू डिस्टॉर्शननंतर ठेवला तर चिखल तयार झाल्यावर पुसावा लागतो, आणि तो नीट पुसला जात नाही.

ट्रेमोलो आर्म हा या रचनेचा अर्धा भाग आहे. आर्म हातात धरूनच सलग स्ट्रमिंग करायचं, प्रत्येक फटक्याबरोबर तो किंचित दाबत-सोडत राहायचा. रिव्हर्बमध्ये आधीचा सूर अजून रेंगाळत असतो आणि तार तेवढ्यात थोडी खाली गेलेली असते. २२० हर्ट्झवर १० सेंटचा फरक पडला तर साधारण सव्वा हर्ट्झचा हेलकावा येतो, २० सेंटला अडीच. हे कोरससारखं वाटतं, पण कोरस पेडलचा हेलकावा यंत्रासारखा एकसारखा असतो. इथे तो हाताबरोबर बदलतो. जोरजोरात आर्म हलवला की मात्र हेलकावा उरत नाही, गिटार बेसूर वाटते. आर्म सैल ठेवावा. भोकात फार ढिला होऊन गळत असेल तर बुडाला टेपचा एखादा वेढा द्यावा. जॅझमास्टरच्या ब्रिजवर बारीक तारा खोबणीतून उडतात, म्हणून ११ गेजच्या खाली जाऊ नये.

वेळेचा हिशोबही बदलतो. फुगवटा ३०० मिलिसेकंदांचा असेल तर १०० च्या टेम्पोला आवाजाचा कळस अर्धा ठोका उशिरा येतो. ड्रमरबरोबर सुटा फटका मारलात तर सगळे तुमच्याकडे बघतील. आठव्या मात्रांचं सलग स्ट्रमिंग करा किंवा फुगवटा २०० च्या खाली आणा. वेगवान रिफसाठी ही रचना कामाचीच नाही.

आता कुरकुर. रिव्हर्ब पेडलची स्वतःची सळसळ डिस्टॉर्शन अनेक पटींनी वाढवतं, म्हणून रिव्हर्बचा आउटपुट कमी ठेवून डिस्टॉर्शनने भरून काढण्यापेक्षा रिव्हर्बच पुरेशा जोरात बाहेर काढावा. नॉइज गेट साखळीच्या शेवटी लावू नये. तो शेपूटच कापतो. गिटार आणि रिव्हर्बच्या मध्ये लावला तर पिकअपची घूं बंद होते आणि शेपूट शाबूत राहतं. सिंगल कॉइल पिकअप आणि अर्थिंग धड नसलेली जुनी इमारत असेल तर ५० हर्ट्झची घूं या क्रमात दुप्पट छळते. गिटार हातात घेऊन जागेवरच फिरून बघा. एका कोनात घूं अगदी कमी होते, खुर्ची तिथे ठेवा.

आणि डिजिटल रिव्हर्बला बाकीच्या पेडलांबरोबर एकाच अडॅप्टरच्या डेझी चेनवर जोडू नका. बऱ्याच रिव्हर्बना ३०० मिलिअँपिअर लागतात, शिवाय त्यांच्या घड्याळाची बारीक शिट्टी डिस्टॉर्शनमध्ये शिरते. ती स्ट्रमिंग थांबल्यावरच ऐकू येते, म्हणून दोष केबलवर ढकलला जातो. डिस्टॉर्शन तात्पुरतं ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून पाहावं. शिट्टी गेली तर वेगवेगळ्या आउटपुटचा आयसोलेटेड पॉवर सप्लाय घ्यावा, नवीन फझ पेडल घेण्याच्या आधी.