एकाच बाथरूमचा फोर्स गेला: जाळी, स्पिंडल, नवी लाइन की पंप?

कालपर्यंत शॉवर व्यवस्थित चालत होता आणि आज बादली भरता भरत नाही. स्वयंपाकघरात, दुसऱ्या बाथरूममध्ये मात्र पाणी नेहमीसारखं. अशा वेळी चार उपाय समोर येतात: नळाची जाळी साफ करणं, बाथरूमचं पाणी बंद करणाऱ्या भिंतीतल्या स्टॉप कॉकचा स्पिंडल, म्हणजे मुठीबरोबर फिरणारा आतला दांडा, बदलणं, लाइन नवी टाकणं आणि प्रेशर पंप बसवणं. पहिला फुकटात होतो, दुसरा काही शे रुपयांत, तिसऱ्यात टाइल्स फुटतात आणि चौथ्यात विजेचं कनेक्शन लागतं. चारही उपाय आपापल्या जागी बरोबर आहेत. घोटाळा होतो तो अडथळा कुठे आहे हे न बघता उपाय निवडला की.

गच्चीवर टाकी असलेल्या बऱ्याच इमारतींत संपूर्ण फ्लॅटला एकच पाइप येत नाही. स्वयंपाकघराची उभी लाइन वेगळी, प्रत्येक बाथरूमची वेगळी, पुष्कळदा फ्लशचीही वेगळी. प्लंबर तिला डाऊनटेक म्हणतात. म्हणून ‘बाकी घरात पाणी ठीक आहे’ यावरून दोष आपल्याच बाथरूममध्ये आहे असं ठरत नाही. तो गच्चीवरच्या व्हॉल्व्हमध्येही असू शकतो. आधी वरच्या आणि खालच्या फ्लॅटमध्ये, त्याच बाथरूमबद्दल विचारा. त्यांचंही पाणी कमी झालं असेल तर घरात पान्याला हात लावू नका. ते काम सोसायटीचं.

एक उदाहरण घेऊ. तळमजला अधिक चार मजल्यांची जुनी इमारत, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. रविवारी टाकी धुतली, सोमवारी एका बाथरूमचा फोर्स गेला. वरच्यांचं आणि खालच्यांचं पाणी ठीक. 10 लिटरची बादली स्वयंपाकघराच्या नळाखाली 40 सेकंदांत भरते, बाथरूमच्या खालच्या नळाखाली 2 मिनिटं 40 सेकंद लागतात. म्हणजे पाणी चौथ्या हिश्श्यावर आलं. हे आकडे लिहून ठेवा, कारण दुरुस्तीनंतर ‘जरा बरं वाटतंय’ यावर पैसे द्यायचे नसतात.

टाकी धुतली की तळाचा गाळ हलतो आणि लाइनमध्ये उतरतो. त्यात टाकीच्या पाण्याचा जोर मुळात थोडा असतो: 10 मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण 1 किलो. या फ्लॅटमध्ये नळापासून टाकीपर्यंतची उंची सहा-सात मीटर, म्हणजे जेमतेम पाऊण किलोच्या आत. एवढ्या जोरावर कचरा आपोआप पुढे ढकलला जात नाही. तो अडकतो तिथेच बसतो.

आता जाळी की स्पिंडल, याचा निर्णय. फक्त शॉवर किंवा फक्त बेसिनचा नळ मंद असेल तर जाळीच. ती काढा, नळ क्षणभर जाळीशिवाय सोडा आणि बघा. पाणी जोरात आलं तर काम झालं. वाळूचे कण ब्रशने निघतात. पांढरा क्षार असेल तर जाळी तासभर व्हिनेगरमध्ये ठेवा. फक्त गरम पाणी कमी असेल तर गीझरच्या इनलेटचा व्हॉल्व्ह आणि लवचीक कनेक्शन पाइप तपासा. या पाइपाचं आतलं रबर फुगून वाट अडवतं. पण गरम, गार, शॉवर, खालचा नळ, जेट स्प्रे असं सगळंच एकदम मंदावलं असेल तर पाच जाळ्या एकाच रात्री तुंबत नाहीत. आपल्या उदाहरणात सगळंच मंद आहे. मग संशय या सगळ्यांच्या आधी येणाऱ्या एका जागेवर जातो: भिंतीतला कन्सिल्ड स्टॉप कॉक.

या कॉकचा दोष ‘अचानक’पणाशी चांगला जुळतो. स्पिंडलच्या टोकाला रबरी वायसर असतो. टाकी धुताना कोणीतरी वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक बंद केला, पुन्हा उघडला. स्पिंडल मागे आला, पण कुजलेला वायसर सुटून सीटवरच, म्हणजे कॉकच्या आतल्या पाण्याच्या तोंडावरच, चिकटून राहिला. बाहेरून मूठ पूर्ण उघडी दिसते, आत वाट जवळजवळ बंद.

स्पिंडल काढण्याआधी गच्चीवरचा त्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करावाच लागतो, कारण त्याच्या आणि तुमच्यामध्ये बंद करण्यासारखं दुसरं काही नाही. त्या लाइनवरच्या सगळ्यांना आधी सांगा. बाथरूमचा नळ उघडून पाइपातलं पाणी निघून जाऊ द्या, मग मूठ आणि फ्लँज काढून लांब बॉक्स पान्याने स्पिंडल सोडवा. इथे बरेच जण नवा स्पिंडल बसवून मोकळे होतात. तसं करू नका. सीटवर चिकटलेला वायसर असेल तर तो आधी काढा. मग भोकाखाली बादली धरा, भोवती जुना टॉवेल लावा आणि गच्चीवरच्या माणसाला फोन करून पाच सेकंदांपुरता व्हॉल्व्ह उघडायला सांगा. पाण्याचा जाड झोत आला तर इथपर्यंतची लाइन स्वच्छ आहे, आणि तो झोत सीटवरचा कचराही बाहेर काढतो. बारीक धार आली तर अडथळा मागे आहे आणि नवा स्पिंडल काही करणार नाही. या पाच सेकंदांवर पुढचा सगळा खर्च ठरतो. नवा स्पिंडल घेताना जुना दुकानात घेऊन जा. आटे आणि लांबी कंपनीगणिक बदलतात.

धार बारीकच असेल, तर जुना जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप आहे का ते बघा. त्यात आतून गंज हळूहळू जमतो, पण त्याची खपली सुटून एल्बोत अडकली की फोर्स एका दिवसात जातो. प्लंबर उलट बाजूने पाणी मारून खपली काढू शकतो. एकदा करून बघायला हरकत नाही. सहा महिन्यांत तेच झालं तर पाइप संपला समजा. मग सीपीव्हीसी या प्लॅस्टिकची नवी लाइन भिंतीच्या बाहेरून, छताजवळून न्या. दिसायला बरी नाही, पण पुढची गळती डोळ्यांना दिसते आणि भिंतीतलं वॉटरप्रूफिंग शाबूत राहतं. नूतनीकरण नाहीतरी करायचंच असेल तरच कन्सिल्डच्या फंदात पडा.

पाणी बारीक न येता थुंकत, फसफसत येत असेल तर तो प्रकार हवेचा. टाकी पूर्ण रिकामी झाल्यावर हवा पाइपाच्या वर चढलेल्या वळणात अडकते. सगळ्यात खालचा नळ पूर्ण उघडा ठेवून बऱ्याचदा ती निघते. दर वेळी होत असेल तर गच्चीवर व्हॉल्व्हनंतर उभा असलेला हवेचा पाइप बघा. कोणीतरी त्याला टोपी मारलेली असते.

राहिला पंप. तो विकणाऱ्याला सोपा आणि घेणाऱ्याला मोहाचा. सगळ्यात वरच्या मजल्यावर, जिथे नळापासून टाकी तीन-चार मीटरवरच आहे आणि पाणी पहिल्या दिवसापासून मंद आहे, तिथे पंप योग्य. अचानक गेलेल्या फोर्सवर मात्र तो चुकीचं औषध. अडथळ्यातून पाणीच पुढे येत नसेल तर पंप ओढणार काय? तो कोरडा घरघरतो, आणि सामायिक डाऊनटेकवर बसवलात तर खालच्या फ्लॅटचं पाणी खेचतो. मग दारावर थाप येते ती शेजाऱ्यांची, प्लंबरची नाही.

आपल्या उदाहरणात वायसर सीटवर बसलेला सापडला, तो काढल्यावर झोत जाडच आला. नव्या स्पिंडलनंतर बादली 42 सेकंदांत भरली.