डायबोरेन: रेघा मोजायच्या की ऑर्बिटल?

ठाण्यातल्या क्लासच्या फळ्यावर डायबोरेन म्हणजे B₂H₆ बहुतेकदा इथेनसारखाच काढला जातो. त्यात 7 रेघा म्हणजे 14 इलेक्ट्रॉन लागतात; हातात मात्र 3+3+6=12. मोजणी इथेच अडते, कारण प्रत्येक रेघ दोनच अणूंची असं ती धरून चालते.

ऑर्बिटलचा हिशेब वेगळा. टोकाचे चार B–H बंध साधेच, त्यांत 8 इलेक्ट्रॉन संपतात. उरलेले दोन हायड्रोजन दोन्ही बोरॉनना पुलासारखे जोडतात; उरलेले 4 इलेक्ट्रॉन या दोन पुलांना. एका पुलात दोन्ही बोरॉनचं एकेक sp³ आणि हायड्रोजनचं 1s मिसळून तीन आण्विक ऑर्बिटल होतात. सर्वांत खालचं तिन्ही अणूंवर पसरलेलं असतं. 2 इलेक्ट्रॉन त्यातच बसतात, वरची दोन रिकामी. म्हणजे तुटवडा नाहीच! पुलातला प्रत्येक B–H अर्धाच बंध, म्हणून लांब: 1.33 Å, टोकाचा 1.19 Å.