सणाची एक ओळ: प्रसंग सांगावा की माणसाला हाक मारावी?

सणाच्या दिवशी फोटो पटकन निवडला जातो, पण त्याखाली काय लिहायचं इथे गाडी अडते आणि मग कुणाचं तरी वाक्य उचलून चिकटवलं जातं. स्वतःचं लिहायचं ठरवलं तर माझ्या मते खरे रस्ते दोनच आहेत. एक, घडलेला प्रसंग सांगणारी ओळ. दुसरी, एकाच माणसाला उद्देशून लिहिलेली ओळ. शुभेच्छेची ओळ मी बाजूला ठेवते, कारण तिची अडचण भाषेतच आहे. "लाभो", "नांदो", "उजळो" ही रूपं आपण घरात बोलताना सहसा वापरत नाही. ती भेटकार्डावरची आहेत. "आयुष्य आनंदाने उजळो" या ओळीखाली कुणाचंही नाव घाला, बिनतक्रार बसतं. ओळ उसनी आहे की आपली, हे ओळखायला मी हीच खूण वापरते.

आता दोन्ही रस्ते एकाच फोटोवर चालवून बघू. मोठा भाऊ तीन वर्षांनी सणाला घरी आलाय. फोटोत सगळं घर एका रांगेत उभं आहे. पहिला हात जातो तो "आपल्या माणसांसोबतचे अनमोल क्षण" याच्याकडे. तो आवरायचा आणि काय घडलं ते बहिणीला फोनवर सांगावं तसं आधी कच्चं लिहून काढायचं: दादा पहाटे पाचलाच उठला, मोठमोठ्याने बोलत सगळ्यांना जागं केलं, आई ओरडली, पण ओरडताना हसत होती.

यातून निवडायचं ते कॅमेऱ्याने न पकडलेलं. दादा आलाय हे फोटोत दिसतंच आहे, त्याचा आवाज दिसत नाही. म्हणून प्रसंगाची ओळ अशी होते: "तीन वर्षांनी पहाटे पाचला घरात दादाचा आवाज, आणि आईचं 'अरे, हळू बोल!'" इथे आनंद हा शब्द कुठेच नाही, तरी आईचे तीन शब्द तो पोचवतात. तेच "आईने त्यास हळू बोलण्यास सांगितले" असं लिहिलं की ओळ निवेदनासारखी वाटते. आपण "सांगितलं" म्हणतो, तर तसंच लिहावं. शेवटचा अनुस्वार गेला की बोलणाऱ्याचा आवाजही जातो.

दुसरी ओळ: "दादा, पाचला उठवलंस म्हणून चिडले होते. उद्याही उठव." ही जास्त जवळची आहे, यात वाद नाही. "उद्याही उठव" मध्ये तीन वर्षांची वाट आहे, आणि ती दादाला बरोबर कळेल. पण ही ओळ त्याच्याखेरीज इतरांना अर्धीच कळते. तो तीन वर्षांनी आलाय हे ठाऊक नसेल, तर वाचणाऱ्याला ते नुसतं भावंडांचं भांडण वाटेल.

शिवाय हाक सगळ्यांसमोर मारली जाते, आणि इथे चूक महागात पडते. एका सणाला मी आत्याला उद्देशून लिहिलं होतं, "आत्या, यंदा तू बसून राहा, सगळं मी करते." मनापासून लिहिलं होतं. पण तिच्या दुखण्याबद्दल बऱ्याच नातेवाइकांना ठाऊक नव्हतं. दिवसभर तिला चौकशीचे फोन येत राहिले आणि ती थकून गेली. तेव्हापासून हाकेची ओळ टाकण्याआधी मी त्या माणसाला दाखवते. व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस निवडक लोकांपुरतं ठेवता येतं, ती सोयही अशा ओळीसाठी वापरावी.

कुठे टाकणार यावरही निवड ठरते. व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस चोवीस तासांत जातं, त्यामुळे तिथे "उद्याही उठव" शोभतं. ज्याला उद्देशून लिहिलं तो त्याच दिवशी वाचतो. फोटोखालची कॅप्शन मात्र राहते. दोन वर्षांनी वर आली तर तो "उद्या" कुठला, हे लिहिणारीलाही आठवायला लागेल. "तीन वर्षांनी" आणि "पहाटे पाच" हे तेव्हाही जागेवर असतात. फोटोच नसेल, नुसती ओळ असेल, तर प्रसंगाची ओळ घ्यावी, कारण ती स्वतःच चित्र उभं करते.

प्रसंगाच्या ओळीतही एक खोट होऊ शकते: सगळंच घालायचा मोह. पाहुणे, सजावट, धावपळ, दादा, आई, सगळं कोंबलं की ओळीचा अहवाल होतो. दोन माणसं आणि एक आवाज एवढ्यावर थांबावं. ओळ मोठ्याने वाचून पाहावी. मध्ये श्वास घ्यावा लागला तर एक गोष्ट काढावी.

दादाच्या फोटोसाठी मी कॅप्शनला आईच्या आवाजाची ओळ ठेवेन, आणि "उद्याही उठव" फक्त त्याला पाठवेन.