पैंजण घ्यायचे आहेत: मुलाम्याचे, ओळखीच्या सोनाराचे की हॉलमार्कचे?

आमच्या घरात गेल्या काही वर्षांत तिन्ही प्रकारचे पैंजण येऊन गेले. थोरलीच्या गॅदरिंगला ऑनलाइन मागवलेले मुलाम्याचे, बायकोचे लग्नानंतर पेठेतल्या सोनाराकडून घेतलेले आणि धाकटीच्या बारशाला घेतलेले हॉलमार्कचे. त्यामुळे ‘काय घेऊ?’ असं कोणी विचारलं की मी या तिघांबद्दलच बोलतो. चांदीच्या ताटवाट्या, मूर्ती यांचा अनुभव मला कमी आहे.

मुलाम्याच्या दागिन्याला मी नावं ठेवत नाही. नाचाच्या कार्यक्रमाला, एका लग्नापुरता साडीवर शोभेलसा ऑक्सिडाइज्ड सेट हवा असेल तर तो जरूर घ्या. फक्त विकणारा त्याला काय म्हणतोय ते नीट वाचा. ‘सिल्व्हर टोन’, ‘सिल्व्हर पॉलिश’, ‘जर्मन सिल्व्हर’ यातलं काहीही चांदी नव्हे. जर्मन सिल्व्हरमध्ये तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी मुळीच नसते, आणि निकेलने काहींच्या घोट्याला खाज सुटते. आमच्या थोरलीला सुटली. माझी साधी खूण अशी की, जिथे फोटो दहा असतात पण वजन कुठेच दिलेलं नसतं, तिथे चांदी नसते असं धरून चालायचं. चांदी विकणारा वजन सांगितल्याशिवाय राहत नाही, कारण त्याची किंमतच वजनावर ठरते.

घरी तपासायचं झालं तर बहुतेकजण चुंबक लावतात. पण पितळ, तांबं आणि जर्मन सिल्व्हर यांनाही चुंबक चिकटत नाही, म्हणजे न चिकटण्याने फारसं काही सिद्ध होत नाही. उलट खऱ्या चांदीच्या साखळीच्या फाशात पोलादी स्प्रिंग असते, ती चिकटते आणि माणूस उगाच घाबरतो. काळं पडण्याचंही तेच. मुलाम्यावरचा थर चांदीचाच असतो, तोही काळा पडतो. आणि ऱ्होडियमचं पॉलिश केलेली खरी चांदी बराच काळ काळी पडतच नाही. त्यापेक्षा जिथे घासलं जातं तिथे भिंगाने पाहा: जोडव्याची आतली बाजू, पैंजणाच्या आकड्याचा वाक, दोन कड्या एकमेकींत अडकतात ती जागा. तिथे पिवळट किंवा तांबूस रंग डोकावत असेल तर मुलामा उतरतोय. नव्या मालात ही खूण मिळत नाही, वापरलेल्यात हमखास मिळते.

मला सगळ्यात भरवशाची वाटते ती पाण्याची तपासणी. 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा लागतो. आधी दागिना कोरडा तोलायचा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करायचा आणि दागिना दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काठाला टेकणार नाही असा धरायचा. काट्यावर जेवढे ग्रॅम चढतात, तेवढे घनसेंटिमीटर दागिन्याचं आकारमान. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागायचं. माझ्या हातातलं भरीव कडं 62.3 ग्रॅम भरलं, पाण्यात 6.0 चढले, भागाकार 10.4 आला. 925 चांदीचा, म्हणजे हजार भागांत 925 भाग चांदी असलेल्या मालाचा, एवढाच येतो. थोरलीने हौसेने घेतलेलं तसंच दिसणारं कडं 41.2 ग्रॅमचं, पाण्यात 4.8 चढले, भागाकार 8.6, म्हणजे पितळ किंवा जर्मन सिल्व्हरच्या घरातलं.

या तपासणीच्या मर्यादाही सांगतो. पोकळ दागिना, लाखेवरचा दागिना, खडे किंवा घुंगरू असले की हिशेब बिघडतो, कारण आत हवा अडकते, लाख आणि खडे चांदीपेक्षा हलके असतात, आणि आकडा हलका येतो. दागिना ओला करून, हलवून बुडबुडे काढून मग बुडवावा. आणि 925 की 800, हे घरच्या काट्यावर ठरवायला जाऊ नका. दोन्हींच्या भागाकारात जेमतेम 0.2 चा फरक पडतो आणि तेवढा तर हात हलल्यानेही पडतो. पाणी एवढंच सांगतं की हा माल चांदीचा आहे की नाही. किती चांदी आहे, हा प्रश्न वेगळा, आणि आमचं नुकसान झालं ते त्याच प्रश्नावर.

बायकोचे पैंजण चांगल्या ओळखीतून घेतलेले. भरघोस, कड्यांचे, प्रत्येक कडीला घुंगरू, जोडाचं वजन 118 ग्रॅम. आकड्यावर 925 असा छाप. पावतीवर ‘चांदी पैंजण 1 जोड’, वजन आणि रक्कम, बस्स. तेव्हा आम्हाला ते पुरेसं वाटलं. बारा वर्षांनी कड्या झिजल्या म्हणून मोडीत घालायला काढले. मूळ दुकान तोवर बंद झालं होतं, म्हणून दुसरीकडे गेलो. त्या दुकानदाराने पैंजण हातात घेतले, उलटे करून कड्यांचे जोड नखाने दाखवले आणि म्हणाला, “साहेब, छाप आकड्याचा आहे. या दोनशे डागांचं काय धरायचं? वितळवून टंच काढू, जो निघेल तो तुमचा.”

डाग म्हणजे कड्या जोडायला वापरलेली झाळ. ती लवकर वितळावी म्हणून तिच्यात तांबं-जस्त मिसळलेलं असतं, आणि जितके जोड जास्त तितकी झाळ जास्त. समोर वितळवलं, लगडीचा टंच, म्हणजे शंभर भागांत शुद्ध चांदी किती, तो काढला. 64 निघाला. म्हणजे 118 ग्रॅममधली शुद्ध चांदी साधारण साडेपंचाहत्तर ग्रॅम. छापाप्रमाणे 109 ग्रॅम असायला हवी होती. तेहतीस ग्रॅमहून अधिक चांदीचे पैसे आम्ही भरले होते आणि ती कधी आमच्या घरात आलीच नव्हती. नुसत्या डागांनी टंच एवढा उतरतो असं मला वाटत नाही, कड्याही हलक्या असणार. पण भांडायचं कोणाशी? पावतीवर टंच नव्हता, आणि नुसता 925 चा छाप तर कोणीही ठोकून आणू शकतो.

सोनाराला सरसकट दोष द्यायचा माझा हेतू नाही. आमच्या कोल्हापूरकडे हुपरीत तयार होणारं घुंगरांचं काम पाहिलंत तर हातकाम काय असतं ते कळतं, आणि तसं वळण मोठ्या शोरूममध्ये क्वचित दिसतं. तिथले आणि पेठेतले कितीतरी व्यापारी टंच तोंडावर स्पष्ट सांगतात. 60 टंचाचा पैंजण 60 च्या भावाने विकला तर त्यात काही खोटं नाही, उलट कडक असल्याने तो लहान मुलींच्या पायात चांगला टिकतो. तक्रार आहे ती न लिहिलेल्या टंचाबद्दल. म्हणून हॉलमार्क नसलेला माल घ्यायचाच असेल तर मी पैसे देण्याआधी दोन गोष्टी विचारतो: पावतीवर टंच लिहून द्याल का, आणि परत घेताना किती घट धराल तेही लिहाल का. जो लगेच लिहितो, त्याच्याकडे बसावं. जो “आमच्यावर विश्वास नाही का?” म्हणतो, त्याच्याकडून मी उठतो.

आता हॉलमार्क. सोन्याला तो सक्तीचा आहे, चांदीला अजून ऐच्छिक. म्हणजे दुकानात दोन्ही तऱ्हेचा माल शेजारी शेजारी असू शकतो आणि तो मागावा लागतो. 1 सप्टेंबर 2025 पासून चांदीलाही एचयूआयडी, म्हणजे सहा अक्षर-अंकांचा वेगळा क्रमांक मिळू लागला. खुणा तीन: ‘सिल्व्हर’ शब्दासह भारतीय मानक ब्यूरोचं त्रिकोणी चिन्ह, 925 किंवा 800 असा दर्जा आणि हा क्रमांक. जुन्या साठ्यात क्रमांकाऐवजी तपासणी केंद्राची आणि सराफाची खूण दिसेल. तेही हॉलमार्कच, पण फोनवर पडताळता येत नाही.

क्रमांक असेल तर दुकानातच ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये घालून पाहा. नोंदणीकृत सराफ, तपासणी केंद्र, तारीख, दर्जा आणि दागिन्याचा प्रकार समोर येतो. बहुतेकजण दर्जा पाहून थांबतात. माझं लक्ष प्रकाराकडे असतं. हातात पैंजण आणि ॲपमध्ये अंगठी दिसली तर क्रमांक दुसरीकडून उचलला आहे. खुणा इतक्या बारीक असतात की भिंग लागतं. दुकानदाराकडे ते असतंच, मागायला लाजू नये.

काही सराफांकडे एक्स-रे यंत्र असतं, दागिना ठेवला की टंच दाखवतं. ते उपयोगी आहे, पण ते वरचा पातळ थरच वाचतं, आणि जाड मुलामा असला तर त्यालाच चांदी म्हणतं. एखाद्या न दिसणाऱ्या जागी कानस मारून तिथे यंत्र लावायला सांगा. हॉलमार्क केंद्रात कण काढून रासायनिक तपासणी होते, आणि शुल्क भरून आपला जुना दागिनाही तिथे तपासून घेता येतो. आमचे पैंजण मी वितळवायला देण्याआधी तिथे नेले असते तर निदान माझ्याकडे कागद असता.

माझं मन हॉलमार्ककडे झुकलं ते या कागदामुळे. हॉलमार्कचा दागिना लिहिलेल्या दर्जापेक्षा कमी भरला, तर विकल्या गेलेल्या वजनावर जी तूट निघेल तिच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च सराफाने द्यायचा असा नियम आहे. मला अजून ती वेळ आली नाही. पण धाकटीचे बारशाचे वाळे आणि पैंजण लहान झाले तेव्हा त्याच दुकानात बदलायला नेले, तर डागांचा विषयच निघाला नाही. काट्यावर ठेवले, 0.925 ने गुणले, ठरलेली घट कापली, पाच मिनिटांत काम झालं. मजुरी मात्र पेठेपेक्षा बरीच जास्त पडली होती, आणि नक्षीत निवडीला वाव कमी होता, हे मान्य करायला हवं.

म्हणून एका कार्यक्रमापुरतं हवं असेल तर मुलामा बिनधास्त घ्या, तोही मुलाम्याच्याच भावात. हुपरीच्या घुंगरांचं वळणच हवं असेल तर टंच लिहून देणाऱ्याकडून घ्या. पण रोज पायात राहणारं आणि कधीतरी मोडीत जाणारं असेल, तर माझ्या मते हॉलमार्कचे दोन पैसे जास्त दिलेले बरे. येत्या तुळशीच्या लग्नानंतर बायकोला नवा जोड घ्यायचा आहे. भिंग मी आत्ताच पिशवीत टाकून ठेवलंय.